लेखातल्या फोटोंखाली काय लिहायचं आणि ते लावायचे कुठे? राजगडचा लेख पार फसलाय

डोंगरवेडा
नमस्कार मंडळी. माझा छोटासा ब्लॉग आहे, वर्डप्रेसवर, गडकिल्ल्यांचा. डिसेंबरात दोन दिवस राजगड केला, गुंजवण्यातून चोर दरवाज्याने वर, पद्मावती माचीवर मुक्काम, दुसऱ्या दिवशी सुवेळा, संजीवनी आणि पाली दरवाज्याने खाली. लेख मोठा लिहिला, जीव ओतून लिहिला, आणि खाली २३ फोटो टाकले. सगळे एकत्र, शेवटी, गॅलरी करून. प्रत्येकाखाली 'राजगड', 'राजगड २', 'भारी व्ह्यू', 'आमची गँग' असलं काहीतरी.
आता होतंय काय, की लोक कॉमेंटमध्ये विचारतात "तो भोकाचा फोटो कुठला?", "ती डबल भिंत कुठे आहे?" आणि हे सगळं मी लेखात लिहिलंय हो! लिहिलंय एकीकडे, फोटो दुसरीकडे. वर गूगलच्या इमेज सर्चमधून कुणीच येत नाही, सर्च कन्सोलमध्ये `Search type: Image` लावून बघितलं तर जवळपास शून्य. मग नेमकं करायचं काय? फोटोखाली मोठमोठं लिहायचं का? का लेखच बदलायचा?

कॉफीवाली
अरे कॅप्शनसाठी सोप्पंय, एक छान ओळ टाक, "सह्याद्रीच्या कुशीत हरवलेले आम्ही" टाईप, आणि खाली दहा-पंधरा हॅशटॅग. माझ्या रील्सना असंच करते, बरे व्ह्यूज येतात.

डोंगरवेडा
ताई ते इन्स्टासाठी झालं, मी वेबसाइटवरच्या लेखाचं विचारतोय.

कॉफीवाली
ओह. मग माहीत नाही बाबा. पण कुशीत हरवलेले छान वाटतं.

एसईओ_पंटर
भाऊ कॅप्शनला गूगल भाव देत नाही. खरा खेळ ऑल्ट टेक्स्टचा, म्हणजे फोटोला मागून जोडलेल्या, पानावर न दिसणाऱ्या वर्णनाचा. प्रत्येक फोटोच्या ऑल्टमध्ये "राजगड किल्ला, राजगड ट्रेक, राजगड माहिती, rajgad fort trek pune" असं सगळं भरून टाक, फाइलचं नाव पण तेच ठेव. दोन महिन्यात बघ. मी क्लायंटच्या साइटवर हेच करतो.

मुळशीकर
पंटरसाहेब, अर्धं बरोबर बोलताय. ऑल्ट महत्त्वाचा आहे हे मान्य, पण कॅप्शन बघत नाही हे चूक. गूगलने इमेजसाठी जे मार्गदर्शन दिलंय त्यात सरळ लिहिलंय की फोटो कशाचा आहे हे समजायला ते पानावरचा मजकूर बघतात, कॅप्शनसकट, आणि फोटो त्याच्याशी संबंधित मजकुराच्या जवळ ठेवा असंही सांगतात. आणि ऑल्टमध्ये शब्द कोंबू नका, पान स्पॅम वाटू शकतं, हेही तिथेच आहे. २३ फोटोंना तोच ऑल्ट दिला तर तुम्ही मशीनला २३ वेळा एकच गोष्ट सांगितली, की हे राजगड आहे. ते त्याला लेखाच्या मथळ्यावरूनच कळलेलं असतं. कुठला फोटो नेढ्याचा, म्हणजे खडकातल्या त्या आरपार भोकाचा, आणि कुठला तटबंदीचा, हे कुठे सांगितलंत?

डोंगरवेडा, तुझा लेख उघडून बघितला. माझ्या मते तुझा प्रॉब्लेम कॅप्शनच्या आधीचा आहे. संजीवनी माचीवर तू काय लिहिलंयस बघ: "मग आम्ही पुढे गेलो आणि जे बघितलं ते बघून थक्कच झालो, शब्दात सांगता येणार नाही." आता याच्या शेजारी कुठलाही फोटो लाव, वाचणाऱ्याला काही कळणार नाही, गूगलला तर नाहीच नाही. शब्दात सांग की रे! माचीला दुहेरी तटबंदी आहे, बाहेर एक भिंत आत एक भिंत, आणि दोन्हीच्या मधून माणूस चालत जाईल एवढी अरुंद वाट. हे आधी परिच्छेदात आलं पाहिजे, मग लगेच फोटो, मग कॅप्शन. तुझ्या फोटोत वरून बघताना ती मधली वाट नुसती काळी रेघ दिसते. ज्याने राजगड बघितला नाही त्याला ती सावली वाटणार. कॅप्शनचं काम तिथे आहे, नजर नेमकी कुठे न्यायची ते सांगणं.

मी असं लिहीन:
"संजीवनी माचीची दुहेरी तटबंदी. उजवीकडे बाहेरची भिंत, डावीकडे आतली. मधली काळी रेघ ही सावली नाही, दोन भिंतींमधून जाणारी वाट आहे."

बस. 'अप्रतिम', 'नयनरम्य' काही नको, अप्रतिम आहे ते दिसतंच फोटोत.

डोंगरवेडा
अरे देवा. हे वाचून मलाच माझा फोटो नवीन दिसायला लागला 😅 पण काका, एवढं परिच्छेदात पण लिहायचं आणि कॅप्शनमध्ये पण, मग तेच तेच दोनदा नाही होत?

मुळशीकर
होतं, जर कॉपी-पेस्ट केलंस तर. वाटणी कर. परिच्छेदात गोष्ट, म्हणजे माची कशी लांब गेलीय, तुम्ही कुठून उतरलात, किती वेळ लागला. कॅप्शनमध्ये फक्त या चौकटीत काय दिसतंय आणि उभं राहून कुठे बघतोय. बरेच लोक लेख वाचतच नाहीत रे, अंगठ्याने सरकवत जातात आणि फोटो दिसला की थांबतात. त्यांना कॅप्शनवरून कळलं पाहिजे की आपण कुठल्या माचीवर आहोत. एखाद्याला ते वाचून वाटलं तर तो वरचा परिच्छेद वाचेल.
आणि "डावीकडच्या फोटोत बघा" असं लेखात लिहू नकोस, मोबाइलवर शेजारचे दोन फोटो एकाखाली एक येतात, डावं-उजवं सगळं जातं. फोटोच्या आतलं डावं-उजवं चालतं.

शेवग्याची_शेंग
धाग्यात घुसते, माझं थोडं वेगळं आहे. माझा रेसिपीचा ब्लॉग आहे, उकडीच्या मोदकांना १२ फोटो आहेत, खाली 'स्टेप १', 'स्टेप २' असं लिहिलंय. ते पण चूक का? कारण माझे फोटो तर मजकुराच्या शेजारीच आहेत, लाइनीत.

मुळशीकर
चूक नाही, पण वाया गेलेली जागा. स्टेप ३ आहे ते वरच्या आकड्यावरून कळतंच. मोदकात माणूस अडतो कुठे? उकडीत.

शेवग्याची_शेंग
हो आणि कडा फुटतात! सगळ्यांच्या कॉमेंट त्याच असतात.

मुळशीकर
मग फुटलेल्या कडेचा फोटो लावा ना. खाली लिहा, "कडा अशी फुटली तर उकड कोरडी राहिलीय, हाताला पाणी लावून परत मळा." आणि त्याच्या शेजारी नीट मळलेली, चिरा न पडणारी पारी. हे दोन फोटो आणि दोन ओळी, त्या बारा स्टेपांपेक्षा जास्त कामाच्या. नारळ खवल्याचा फोटो तर काढूनच टाका, नारळ खवलेला कसा दिसतो हे सगळ्यांना माहीत आहे.

शेवग्याची_शेंग
माझ्याकडे फुटलेल्या मोदकाचा फोटोच नाही, फुटले की मी खाऊन टाकते 😂 या गणपतीत मुद्दाम फोडते एक.

चष्मिस
एक वेगळा मुद्दा मांडतो, कारण वर ऑल्टवरून बोलणं झालंय. माझ्या मोठ्या भावाला दिसत नाही, तो मोबाइलवर टॉकबॅक आणि कॉम्प्युटरवर एनव्हीडीए ही स्क्रीनवरचं वाचून दाखवणारी सॉफ्टवेअर वापरतो. त्याला गडांचं भयंकर वेड, आम्ही दोघं सिंहगडला बऱ्याचदा जातो. डोंगरवेडा, तुझा लेख त्याला ऐकवला. मजकूर आवडला त्याला. मग खाली गॅलरी आली आणि फोन बोलायला लागला "आय एम जी अंडरस्कोअर दोन शून्य दोन..." असं एकामागून एक, कारण ऑल्ट नव्हतेच म्हणून फाइलचं नावच वाचत होता. चौथ्या फोटोला त्याने बंद केलं.
आणि पंटरभाऊ, तुमच्या पद्धतीने केलं असतं तर त्याला २३ वेळा "राजगड किल्ला राजगड ट्रेक राजगड माहिती" ऐकावं लागलं असतं. ते तर अजून वाईट.
अजून एक, बरेच जण ऑल्टमध्ये आणि कॅप्शनमध्ये तेच वाक्य चिकटवतात. तुम्हाला एकच दिसतं कारण ऑल्ट दिसत नाही, पण तो दोन्ही ऐकतो, लागोपाठ, तेच वाक्य. त्याचं म्हणणं, ऑल्टमध्ये चित्र सांगा आणि कॅप्शनमध्ये त्याचा अर्थ सांगा.

एसईओ_पंटर
हा अँगल माझ्या डोक्यात नव्हता, मान्य. पण रँकिंगसाठी ऑल्टमध्ये मेन कीवर्ड एकदा तरी हवाच या मतावर मी ठाम आहे.

चष्मिस
एकदा असायला काहीच हरकत नाही, फोटो राजगडचा आहे तर राजगड येणारच की त्यात.

मुळशीकर
चष्मिस, तुमच्या भावाने एका वाक्यात सांगितलं, मी तीन परिच्छेद खर्च केले. डोंगरवेडा, त्यांच्या म्हणण्याप्रमाणे तुझा तटबंदीचा फोटो असा होईल:

```html
<figure>
  <img src="rajgad-sanjivani-machi-tatbandi.jpg"
       alt="राजगडाच्या माचीवर समांतर जाणाऱ्या दोन दगडी भिंती, मध्ये अरुंद खोलगट वाट">
  <figcaption>संजीवनी माचीची दुहेरी तटबंदी. उजवीकडे
  बाहेरची भिंत, डावीकडे आतली. मधली काळी रेघ ही सावली
  नाही, दोन भिंतींमधून जाणारी वाट आहे.</figcaption>
</figure>
```

वर्डप्रेसमध्ये हे हाताने लिहायची गरज नाही, इमेज ब्लॉकमध्ये कॅप्शन टाकलंस की `figcaption` आपोआप येतं. फक्त फोटोखाली वेगळा परिच्छेद टाकून त्याला बारीक तिरकी अक्षरं देऊ नकोस. दिसतं कॅप्शनसारखं, पण ते त्या फोटोला बांधलेलं नसतं, थीम बदलली की कुठेही जातं.

डोंगरवेडा
काल रात्री बसून केलं सगळं, मीडिया लायब्ररीत जाऊन २३ च्या २३ फोटोंना ऑल्ट आणि कॅप्शन लिहिले, दोन तास गेले. आणि लेख उघडला तर काहीच बदल नाही!! कॅश क्लिअर केली, दुसऱ्या फोनवर बघितलं, तेच जुनं 'राजगड २'. वेड लागायची पाळी आलीय.

पानकोबी
हाहा, स्वागत आहे, या खड्ड्यात आम्ही सगळे पडलोय. लायब्ररीतला मजकूर फोटो लेखात टाकताना एकदाच कॉपी होतो. नंतर लायब्ररीत बदललंस तर आधी टाकलेल्या लेखात जुनाच राहतो. लेख एडिटरमध्ये उघड, फोटोवर क्लिक कर, तिथे बदल. किंवा तो ब्लॉक उडवून फोटो लायब्ररीतून परत घे, मग नवीन मजकूर येईल. तुझे दोन तास फुकट नाही गेले, परत घेताना उपयोगी येतील.
आणि ती गॅलरी तोड बाबा. गॅलरी ब्लॉकमध्ये कॅप्शन फोटोच्या खालच्या कडेवर चढून बसतं, छोट्या चौकोनात दोन ओळींच्या वर मावत नाही, पांढऱ्या ढगांवर पांढरी अक्षरं. काही प्लगइन तर कॅप्शन फोटोवर क्लिक केल्यावरच दाखवतात. कोण क्लिक करतंय?

डोंगरवेडा
धन्यवाद पानकोबी, हे कुणीतरी आधी सांगायला हवं होतं 🙏 फाइलची नावं पण बदलतो मग, सगळी IMG_2023 वगैरे आहेत.

मुळशीकर
थांब थांब. नवीन फोटोंना कॅमेऱ्यातून आल्या आल्या नाव दे, पण जे आधीच वर चढवलेत त्यांच्या फाइलचं नाव बदललं की पत्ता बदलतो, गूगलसाठी तो नवाच फोटो. जुन्या पत्त्यावरून रिडायरेक्ट लावलं नाहीस तर होतं नव्हतं तेही जाईल. वर मी कोडमध्ये छान नाव लिहिलं ते नव्याने चढवायचा असेल तर, म्हणून. नावातून थोडी मदत होते, पण त्यासाठी जुनी घडी विस्कटण्याएवढी नाही. तुझे फोटो तसेही कुणी बघत नाही म्हणतोस, तर तू बदललेस तरी चालेल, पण ही सवय लावून घेऊ नकोस.

अवांतर_आजोबा
आम्ही एका पाक्षिकात बावीस वर्षं काम केलं, तिथे फोटोओळ लिहायला नवीन पोराला कधी देत नसत. बातमी चुकली तर लोक संपादकाला पत्र लिहित, फोटोओळ चुकली तर थेट दारात येत. फोटोत डावीकडून कोण कोण उभं आहे हे तीनदा तपासायचं. तुमचा हा लेख उघडला आणि सहाव्या फोटोला थांबलो. खाली लिहिलंय "राजगडावरून सूर्योदय", आणि समोर काळाकभिन्न तोरणा उभा, मागे तांबडं आकाश. बाळा, तोरणा राजगडाच्या पश्चिमेला आहे. तिकडून सूर्य कधी उगवायला लागला?

पानकोबी
😂😂😂

डोंगरवेडा
आईशप्पथ. तो संध्याकाळचा आहे. पहिल्या दिवशी चार वाजता आम्ही नुसती चक्कर मारायला संजीवनीच्या टोकापर्यंत गेलो होतो, तेव्हाचा. सूर्योदयाचे सुवेळा माचीवरचे वेगळे होते, फोनमध्ये शेजारी शेजारी होते म्हणून गडबड झाली. आणि हा फोटो आठ महिने तसाच आहे, कुणी बोललं नाही!

अवांतर_आजोबा
ज्यांना कळलं त्यांनी मनात नोंद करून पान बंद केलं असेल. आणि आता दुरुस्त करताना "तोरण्यामागे सूर्यास्त" असंही लिहू नका. डिसेंबरात सूर्य पश्चिमेच्या बराच दक्षिणेला मावळतो, तोरणा थोडा उत्तरेकडे झुकलेला. म्हणून तुमच्या फोटोत सूर्य नाही, तो चौकटीच्या डावीकडे बाहेर आहे. "संजीवनी माचीवरून डिसेंबरातली संध्याकाळ, समोर तोरणा" एवढंच लिहा, तेवढं खरं आहे.

मुळशीकर
आजोबा, साष्टांग 🙏 आणि डोंगरवेडा, बघ, 'डिसेंबर' हा एक शब्द आला की वाचणाऱ्याला कळतं गवत पिवळं का आहे, जुलैत गेलो तर असं दिसणार नाही. ट्रेकच्या फोटोखाली महिना आणि कुठून काढला हे दोन्ही टाकच, फोटो स्वतःहून ते सांगत नाही.

तंबूवाला
मला एक शंका, फोटो मित्राचा असेल तर नाव कुठे टाकायचं? मी कॅप्शनच्या सुरुवातीलाच टाकतो "फोटो सौजन्य अमुक". मुळशीकर म्हणतात तसं तर वाचणाऱ्याला पहिलं नाव दिसतं, फोटो कशाचा ते नंतर.

पानकोबी
शेवटी टाक, "... समोर तोरणा. फोटो: अमुक". आणि विचारून टाक. व्हॉट्सॲपवर ग्रुपमध्ये आला म्हणजे आपला झाला असं नसतं.

तंबूवाला
मित्राला मात्र सुरुवातीलाच हवंय म्हणे, त्याच्याशी भांडण नको 🙂

एसईओ_पंटर
माझं अजून एक मत. तीन-तीन ओळींची कॅप्शन मोबाइलवर कोण वाचतं? एक ओळ, सात-आठ शब्द, विषय संपला. क्लायंट पण लांब कॅप्शन बघून वैतागतात.

मुळशीकर
सगळ्यांना तीन ओळी नकोच आहेत. नेढ्याच्या फोटोला "सुवेळा माचीवरचं नेढं, खडकाला आरपार पडलेलं भोक" पुरे, कारण दिसतंय ते स्पष्ट आहे. तटबंदीला तीन ओळी लागतात कारण फोटोत ती कळत नाही. 'आमची गँग'ला काहीच नको, किंबहुना तो फोटोच नको.

डोंगरवेडा
गँग माझा जीव आहे काका, तो फोटो राहणार 😤

एसईओ_पंटर
बघू, मला तरी डेटा दिसल्याशिवाय लांब कॅप्शन पटत नाही.

डोंगरवेडा
धागा वर काढतोय, सात आठवडे झाले. अपडेट देतो.
२३ मधले ११ ठेवले, बाकीचे काढले. प्रत्येक फोटो त्याच्या परिच्छेदाखाली नेला, आणि खरं सांगायचं तर फोटो हलवताना लक्षात आलं की तीन फोटोंना लेखात परिच्छेदच नव्हता, म्हणजे बालेकिल्ल्याच्या चढाबद्दल मी एक अक्षर लिहिलं नव्हतं आणि फोटो तीन होते. ते लिहावं लागलं. ऑल्ट वेगळे, कॅप्शन वेगळे. चष्मिस, भावाला परत ऐकव प्लीज.
"भोक कुठलं" ही कॉमेंट बंद झाली, त्याऐवजी आता लोक विचारतात बालेकिल्ल्याच्या चढावर लहान मुलं नेता येतील का, हे मला जास्त आवडलं. इमेज सर्चमध्ये 'sanjivani machi' आणि 'राजगड नेढे' या शब्दांवर लेख दिसायला लागलाय, क्लिक मोजकेच आहेत. पण पाऊस संपून ट्रेकचा सीझन पण आत्ताच सुरू झालाय, त्यामुळे हे कॅप्शनमुळे का सीझनमुळे, देव जाणे.

एसईओ_पंटर
सीझन. नाहीतर ऑल्ट. 😎

मुळशीकर
कदाचित तू नव्याने लिहिलेल्या मजकुरामुळे. तिन्ही एकदम बदललंस तर वेगळं काढता येत नाही. दुसऱ्या कुठल्या गडाच्या लेखात फक्त कॅप्शन बदलून बाकी हात न लावता बघ, आणि पुढच्या वर्षी याच महिन्यांशी ताडून बघ.

चष्मिस
ऐकवला. पूर्ण ऐकला त्याने या वेळी. तटबंदीच्या फोटोला थांबून म्हणाला "दोन भिंतींमधून हात लावत जाता येत असेल ना?" आता मला राजगडला न्यावं लागणार. एक तक्रार पण आहे त्याची, गँगच्या फोटोला ऑल्ट "मित्र" एवढाच आहे, कोण कुठे बसलंय तेही सांग म्हणाला.

अवांतर_आजोबा
सूर्योदय नीट झालेला पाहून समाधान वाटलं. मात्र दुसरा फोटो परत बघा. खाली "चोर दरवाजा" लिहिलंय. चोर दरवाज्यातून वाकून आत शिरावं लागतं, तुमच्या फोटोत चार माणसं शेजारी शेजारी ताठ उभी आहेत आणि वर अजून जागा आहे.

डोंगरवेडा
पाली. पाली दरवाजा आहे तो, उतरतानाचा. बदलतो आत्ता. एडिटरमधूनच बदलतो.